माफी, नियम आणि नोंदवही

१३ जून २०१७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवरील उबरच्या मुख्यालयात कर्मचाऱ्यांची मोठी सभा भरली होती. वर्ष अजून अर्धेही सरले नव्हते, पण कंपनी पुरती हादरली होती. अमेरिकेचे माजी ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी कंपनीच्या अंतर्गत वातावरणाची चौकशी पूर्ण केली होती आणि त्यांच्या शिफारशी कर्मचाऱ्यांना समजावून सांगण्यासाठी ही सभा बोलावली होती. संचालक एरियाना हफिंग्टन बोलत होत्या. संचालक मंडळावर एक स्त्री असली की दुसरी येण्याची शक्यता वाढते, असे आकडेवारी सांगते, हा त्यांचा मुद्दा होता. शेजारी बसलेले ज्येष्ठ संचालक डेव्हिड बॉन्डरमन मध्येच म्हणाले की, खरे तर त्यामुळे बडबड वाढण्याची शक्यता जास्त असते.

स्त्रियांना कमी लेखण्याच्या सवयीवर उपाय सांगण्यासाठी बोलावलेल्या सभेत, व्यासपीठावरूनच हे ऐकू आले. सभेचे ध्वनिमुद्रण काही तासांत बाहेर पोचले. बॉन्डरमन यांनी माफी मागितली आणि त्याच दिवशी संचालकपद सोडले.

कंपनीतल्या अशा सभेला आपल्याकडच्या आयटी कार्यालयांतही टाउनहॉल म्हणतात. वर्ष वाईट गेले की कंपनीचा प्रमुख सगळ्यांसमोर उभा राहतो, झाले त्याबद्दल बोलतो आणि कर्मचाऱ्यांसाठी नवी धोरणे जाहीर करतो. हिंजवडीत काय नि हैदराबादेत काय, अशा सभेतून बाहेर पडताना लोक साहेबांच्या सुराबद्दल बोलतात. साहेब मनापासून बोलले की नाही, डोळ्यांत पाणी होते की नाही, याची चर्चा चहाच्या टपरीपर्यंत चालते. उबरच्या २०१७ सालच्या सभा मात्र वेगळ्या गोष्टीकडे लक्ष द्यायला शिकवतात. तक्रार आली की ती कुठे लिहिली जाते, कोण लिहितो आणि ती पुढे कोण वाचू शकतो, यात काय बदलले हे पाहिल्याशिवाय भाषणाची किंमत ठरवता येत नाही.

आधी मूळ प्रकरण पाहू. सुझन फाउलर ही तरुण इंजिनिअर नोव्हेंबर २०१५ मध्ये उबरमध्ये रुजू झाली आणि वर्षभराने, डिसेंबर २०१६ मध्ये, तिने नोकरी सोडली. १९ फेब्रुवारी २०१७ रोजी तिने त्या वर्षाचा वृत्तांत जाहीरपणे लिहिला. प्रशिक्षण संपवून टीममध्ये बसल्याच्या पहिल्याच दिवशी तिच्या मॅनेजरने कंपनीच्या चॅटवर तिला आपल्या लैंगिक आयुष्याबद्दल संदेश पाठवले. तिने त्या संवादाची चित्रे काढून एचआरकडे दिली. पुरावा हातात होता, वादाला जागा नव्हती. एचआरने मान्यही केले की हा छळ आहे. पण हा माणूस उत्तम काम करणारा आहे आणि हा त्याचा पहिलाच गुन्हा आहे, म्हणून समज देण्यापलीकडे काही करता येणार नाही, असे तिला सांगण्यात आले. तिच्यापुढे दोन वाटा ठेवल्या गेल्या. दुसऱ्या टीममध्ये जायचे, नाहीतर त्याच मॅनेजरच्या हाताखाली राहायचे; आणि राहिलीस तर तो अप्रेझलमध्ये वाईट शेरा देऊ शकेल, त्याला आम्ही सूड मानणार नाही, कारण पर्याय तुला दिला होता.

तिने टीम बदलली. पुढच्या काही महिन्यांत कंपनीतल्या इतर इंजिनिअर मुलींशी ओळखी झाल्या, तेव्हा कळले की तिच्याही आधी त्याच मॅनेजरबद्दल तक्रारी झाल्या होत्या, आणि त्या वेळीही हा त्याचा पहिलाच गुन्हा असल्याचे सांगितले गेले होते.

या सगळ्या प्रकरणात मला हा तपशील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकाच माणसाचा पहिला गुन्हा अनेकदा कसा होतो? एचआरमधल्या कोणी जाणूनबुजून खोटे सांगितले असेल, ही एक शक्यता. पण दुसरी शक्यता जास्त कंपन्यांना लागू पडते. झपाट्याने वाढणाऱ्या कंपनीत तक्रार एखाद्या विभागाच्या एचआर प्रतिनिधीकडे तोंडी किंवा मेलवर येते. तो मॅनेजरशी बोलतो, समज देतो, प्रकरण मिटले असे समजतो. नोंद त्याच्या मेलपेटीत राहते. तो नोकरी सोडतो, किंवा तक्रार करणारी मुलगी दुसऱ्या टीममध्ये जाते, की धागा तुटतो. दुसरी तक्रार दुसऱ्याच प्रतिनिधीकडे जाते. त्याच्यासमोर मागचे काहीच नसते. प्रत्येक तक्रार एकटी पडते आणि प्रत्येक गुन्हा पहिला ठरतो. याच्या उलट, तक्रार करणाऱ्या व्यक्तीचे नाव मात्र लोकांच्या चांगले लक्षात राहते. फाउलरने पुढे आणखी प्रसंग कळवले, तेव्हा एचआरने तिला विचारले की या सगळ्या तक्रारींमध्ये समान दुवा तूच आहेस, हे तुझ्या लक्षात आले आहे का?

तिच्या लेखानंतर दोनच दिवसांनी, २१ फेब्रुवारीला, पहिला टाउनहॉल झाला. संस्थापक आणि मुख्याधिकारी ट्रॅव्हिस कलानिक यांनी कर्मचाऱ्यांसमोर माफी मागितली. होल्डर यांची चौकशी त्यांनी आदल्याच दिवशी जाहीर केली होती. त्या सभेत हाजीर असलेल्यांनी नंतर सांगितले ते असे की माफी भावविवश होती आणि लोकांनी कठीण प्रश्न विचारले. त्याच आठवड्यात शंभराहून अधिक स्त्री इंजिनिअरांनी कलानिक यांच्याशी वेगळी बैठक केली. चौकशीची वाट कशाला पाहायची, दोष व्यवस्थेतच आहे हे आम्हाला रोज दिसते आहे, असा त्या बैठकीतला सूर होता. त्या स्त्रियांचे म्हणणे मला पूर्ण पटते. त्या सभेतून कर्मचाऱ्यांच्या हातात एकही नवा नियम आला नव्हता.

पुढचे महिने कंपनीला आणखी कठीण गेले. गूगलच्या घराण्यातल्या वेमो कंपनीने तंत्रज्ञान चोरल्याचा दावा लावला. कलानिक एका उबर चालकाशी हुज्जत घालताना दिसतात अशी चित्रफीत बाहेर आली. मार्चअखेर कंपनीने पहिल्यांदाच स्वतःची आकडेवारी प्रसिद्ध केली. एकूण कर्मचाऱ्यांत स्त्रिया ३६ टक्के, तंत्रज्ञानाच्या कामात मात्र १५ टक्क्यांच्या आसपास.

जूनमध्ये दोन वेगवेगळ्या चौकशांचे निष्कर्ष आले आणि त्यांच्यातला फरक समजून घ्यायला हवा. पर्किन्स कोई या वकिली फर्मने एकेक तक्रार तपासली. अशा २१५ तक्रारी होत्या. त्यांत ४७ लैंगिक छळाच्या, ५४ भेदभावाच्या, आणि उरलेल्यांत दमदाटी, असभ्य वागणे, तक्रार केल्याबद्दल सूड असे प्रकार होते. त्यांपैकी १०० प्रकरणांत कारवाई झाली नाही, ५७ तेव्हाही तपासात होती, २० जणांना कामावरून काढले गेले, काहींना शेवटची ताकीद मिळाली, काहींना प्रशिक्षणाला पाठवले. ६ जूनला हे कर्मचाऱ्यांना सांगितले गेले. होल्डर यांचे काम निराळे होते. त्यांच्या फर्मने दोनशेहून अधिक मुलाखती घेतल्या आणि व्यक्तींऐवजी यंत्रणा तपासली. त्यांच्या शिफारशी संचालक मंडळाने एकमताने मान्य केल्या आणि १३ जूनच्या सभेत मांडल्या.

शिफारशींमध्ये पहिलीच होती ती कलानिक यांच्या जबाबदाऱ्या कमी करून वाटून देण्याची. ते त्या दिवशी सभेत नव्हते. काही काळ रजेवर जात असल्याचा मेल त्यांनी पाठवला होता. आठवडाभराने गुंतवणूकदारांच्या दबावाखाली त्यांनी मुख्याधिकारीपदही सोडले. वर्तमानपत्रांनी साहजिकच हीच बातमी मोठी केली. पण कर्मचाऱ्याच्या रोजच्या आयुष्याला भिडणाऱ्या गोष्टी त्या कागदात पुढे होत्या. तक्रारींची नोंद ठेवणारी संगणकीय व्यवस्था उभारा, म्हणजे एकाच व्यक्तीविरुद्ध किंवा एकाच विभागातून वारंवार तक्रारी येत असतील तर ते दिसेल, ही त्यांतली एक. साहेब आणि त्याच्या थेट हाताखालची व्यक्ती यांच्यात प्रेमसंबंध नकोत, ही दुसरी. कंपनीची जी चौदा मूल्ये ठरली होती, त्यांतली काही काढून टाका, कारण कामात पुढे जाताना दुसऱ्याच्या पायावर पाय पडला तरी चालेल अशा अर्थाचे वाक्य लोक उद्धटपणाची ढाल म्हणून वापरतात, हेही त्यात होते.

एक शिफारस वरवर पाहता किरकोळ वाटेल. कार्यालयात मिळणारे फुकट रात्रीचे जेवण उशिरा वाढले जायचे, ते लवकर वाढा. जेवणासाठी थांबणे म्हणजे उशिरापर्यंत काम करणे, आणि उशिरापर्यंत थांबतो तोच निष्ठावान, असा हिशेब आपोआप तयार होतो. ज्या बाईला सहा वाजता पाळणाघरातून मूल आणायचे आहे ती त्या हिशेबात कायम मागे पडते. तिला कोणी वाईट बोललेले नसते, तिच्याविरुद्ध कोणताही नियम नसतो, तरी तिची वजाबाकी झालेली असते. जेवणाच्या घड्याळात इतके बारीक लक्ष घालणारा अहवाल काळजीपूर्वक लिहिलेला आहे, याची मला त्यावरून खात्री पटली.

आता अप्रेझलकडे वळू, कारण छळाची तक्रार करणाऱ्याचा खरा बळी तिथे जातो. फाउलरच्या वृत्तांतात हे नेमके दिसते. तिला टीम बदलायची होती, कामाचे शेरे चांगले होते, तरी बदली अडवली गेली. नोंदीत नसलेल्या कामगिरीच्या अडचणी आहेत, असे कारण दिले गेले. तिने पुढच्या अप्रेझलपर्यंत वाट पाहिली. शेरा चांगला मिळाला. मग पुन्हा बदली मागितली, तेव्हा कळले की तिचा शेरा नंतर बदलून खाली आणला आहे. त्या एका आकड्यामुळे कंपनीच्या खर्चाने स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू असलेले तिचे पुढचे शिक्षणही बंद झाले, कारण तिथे फक्त चांगला शेरा असलेल्यांनाच जागा होती. पुढे तिच्या कानावर आले की इतर टीममधून बायका निघून जात असताना आपल्या टीममध्ये अजून आहेत, हे मॅनेजरला मिरवायचे होते.

इथे एकही कायदा उघड मोडलेला दिसत नाही. एक आकडा बदलला, इतकेच. ज्यांनी आपल्याकडे बेल कर्व्हखाली अप्रेझल दिले-घेतले आहे त्यांना हे लगेच कळेल. समजा दहा जणांची टीम आहे आणि त्यांतल्या एकाला खालचा शेरा द्यायचाच, असे वरून ठरले आहे. सगळ्यांनी ठीक काम केले असले तरी कोणाला तरी खाली ढकलावे लागते. मग मॅनेजर कोणाला निवडेल? ज्याच्यावरून पुढे सर्वांत कमी गोंगाट होईल त्याला. जी आधीच एचआरकडे जाऊन आली आहे, तिच्याबद्दल वरचे साहेब मान डोलावतातच, कारण ती ‘अवघड’ असल्याचे कानोकानी पसरलेले असते. २०१७ च्या उन्हाळ्यात उबरने कर्मचाऱ्यांना एकमेकांशी तोलून क्रम लावण्याची पद्धत आणि शेऱ्याचा आकडा काढून टाकला. अभिप्राय अधिक वेळा द्यायचा, आणि सहकाऱ्यांच्या किंवा समाजाच्या उपयोगाचे एखादे काम प्रत्येकाच्या उद्दिष्टांत असायचे, असे ठरले. हा बदल योग्यच होता. पण त्याला मर्यादा आहे. आकडा गेला तरी पगारवाढ आणि बढती कोणाला द्यायची हे कोणीतरी ठरवतेच. ते कोणत्या लेखी कारणावर ठरले आणि मॅनेजरच्या वर ते कोणी तपासले, हे कळत नसेल तर कागदावर आकडा नसतो, एवढाच फरक उरतो.

तिसरी सभा ३० ऑगस्टला झाली. प्रवासव्यवसायातली एक्सपीडिया ही कंपनी २००५ पासून चालवणारे दारा खोस्रोशाही नवे मुख्याधिकारी म्हणून कर्मचाऱ्यांसमोर आले. लहानपणी कुटुंबासह इराण सोडून अमेरिकेत आलेला हा माणूस. ज्या रीतीने आपण इथवर आलो त्या रीतीने पुढे जाता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. कलानिक यांच्या काळाला त्यांनी नावे ठेवली नाहीत. कंपनीचे यश मान्य करून तिने बदलायलाच हवे हे सांगितले. दीड ते तीन वर्षांत कंपनी शेअर बाजारात येईल, हेही सांगितले. ती मे २०१९ मध्ये आली.

नव्या मूल्यांबाबत त्यांनी एक शहाणपण केले. बंद खोलीत बसून वाक्ये लिहिण्याऐवजी कर्मचाऱ्यांकडून सूचना मागवल्या. बाराशेहून अधिक जणांनी त्या पाठवल्या, त्यांवर बावीस हजारांहून अधिक मते पडली, आणि नोव्हेंबरमध्ये आठ सूत्रे जाहीर झाली. त्यांतले एक होते की आपण योग्य तेच करू, पूर्णविराम. वाक्य चांगले आहे. मात्र अवघ्या दोन आठवड्यांनी उघड झाले की २०१६ मध्ये ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती चोरीला गेली होती आणि जुन्या व्यवस्थापनाने ती गोष्ट दडवली होती. ते जाहीर करताना खोस्रोशाहींनी सबबी सांगितल्या नाहीत. त्या आठ सूत्रांची पहिली खरी परीक्षा तीच होती.

आणखी एक मोठा नियम मात्र तेव्हाही जागचा हलला नव्हता. अमेरिकेतल्या पुष्कळ कंपन्यांप्रमाणे उबरच्या नोकरीच्या कराराखाली एक कलम होते. वाद झाला तर न्यायालयात जायचे नाही, खासगी लवादाकडे जायचे. लवादाची सुनावणी बंद दाराआड होते, निकाल जाहीर होत नाही. त्यामुळे एका बाईची तक्रार दुसरीला कधी कळत नाही. एचआरच्या मेलपेटीत जे होत होते तेच पुढच्या पायरीवर कायद्याच्या कागदाने होत होते. फाउलरने ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयापुढे अशा कलमांविरुद्ध आपले म्हणणे मांडले. १५ मे २०१८ रोजी कंपनीचे कायदेप्रमुख टोनी वेस्ट यांनी जाहीर केले की लैंगिक अत्याचार आणि छळाच्या वैयक्तिक दाव्यांत प्रवासी, चालक आणि कर्मचारी यांच्यावर लवादाची सक्ती राहणार नाही, आणि तडजोड करताना त्यांना गप्प राहण्याची अट घातली जाणार नाही. त्यातला ‘वैयक्तिक’ हा शब्द वजनदार होता. अनेक जणींनी मिळून एकत्र दावा करण्याची मोकळीक त्या घोषणेने दिली नाही. अमेरिकेत अशा सक्तीवर सरसकट बंदी आणणारा कायदा मार्च २०२२ मध्ये झाला.

भारतात हा भाग कंपनीच्या मर्जीवर सोडलेला नाही. २०१३ च्या कायद्याने, ज्याला कार्यालयांत सगळे पॉश म्हणतात, दहा किंवा अधिक लोक काम करतात तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ स्त्री हवी, निम्म्याहून कमी नसलेले सदस्य स्त्रिया हव्यात आणि एक सदस्य कंपनीबाहेरचा हवा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. कारण पटले तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपायला हवी. फाउलरला जी निवड करायला लावली गेली, तिच्याबाबत या कायद्याची रचना वेगळी आहे. चौकशी चालू असताना तक्रारदार स्त्रीने लेखी मागितले तर तिची किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची बदली करता येते, तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा देता येते, आणि त्या माणसाने तिच्या कामाचा शेरा लिहू नये असा आदेशही काढता येतो. हे सगळे तिच्या मागणीवर अवलंबून आहे, म्हणून ही मागणी करता येते हे तिला माहीत असणे आवश्यक आहे. अनेक टाउनहॉलमध्ये समितीचा उल्लेख एका स्लाइडवर उरकला जातो. बाहेरची सदस्य कोण आहे आणि तिच्याशी थेट संपर्क कसा करायचा, हे सांगायला दोन मिनिटेही लागत नाहीत. वार्षिक अहवालात तक्रारींची संख्या देणेही बंधनकारक आहे. हजारो कर्मचाऱ्यांच्या कंपनीत तिथे वर्षानुवर्षे शून्य दिसत असेल, तर तक्रारच लिहून घेतली जात नाही अशी शंका घ्यायला जागा आहे.

उबरची गोष्ट २०१७ मध्ये संपली नाही. त्या वर्षीच्या सभांमध्ये नवी धोरणे समजावून सांगणाऱ्या एचआरप्रमुख लियान हॉर्न्सी यांनी जुलै २०१८ मध्ये पद सोडले. वर्णभेदाच्या तक्रारी त्यांच्या विभागाने नीट हाताळल्या नाहीत, अशा आरोपांच्या चौकशीनंतर हे घडले. आणि डिसेंबर २०१९ मध्ये नोकरीतल्या समान संधीवर देखरेख करणाऱ्या अमेरिकी सरकारी आयोगाशी कंपनीने तडजोड केली. छळ आणि सूड सोसलेल्यांसाठी ४४ लाख डॉलरचा निधी ठेवला गेला. पैशापेक्षा त्या करारातली दोन कलमे मी पुन्हा पुन्हा वाचली. ज्या व्यक्तीविरुद्ध एकाहून अधिक तक्रारी आल्या आहेत ती ओळखू येईल, आणि तक्रार आल्यावर वेळेत हालचाल न करणारा मॅनेजरही ओळखू येईल, अशी यंत्रणा कंपनीने उभारायची. होल्डर यांनी जून २०१७ मध्ये याच दिशेने सांगितले होते. या वेळी मात्र त्यावर तीन वर्षे लक्ष ठेवायला कंपनीबाहेरचा माणूस नेमला गेला, तोही त्याच आयोगाचा माजी सदस्य.